एक्स-रेचा नुसता फोटो

गेल्या पावसात आमच्या बचत गटातली एक जण माशांची पाटी घेऊन येताना ओल्या पायरीवर घसरली आणि उजव्या तळहातावर पडली. तिच्या मनगटाच्या एक्स-रेचा फोटो मुलीने आमच्या व्हॉट्सॲपवर टाकला. सोबत एक अक्षर नाही. आम्हाला हाडं अखंड दिसली. आम्ही कळवून टाकलं, "मोडूक नाय गो, तेल लावन चोळ."

इथेच आम्ही चुकलो. अंगठ्याच्या बाजूला मनगटात होडीच्या आकाराचं एक छोटं हाड असतं, स्कॅफॉइड. तळहातावर पडल्यावर ते मोडू शकतं, पण चीर इतकी बारीक की पहिल्या एक्स-रेत कधी कधी दिसतच नाही. म्हणून डॉक्टर अंगठा ताठ करायला लावतात आणि त्याच्या मुळाशी जो खळगा पडतो, तिथे दाबतात. तिथे दुखलं, तर एक्स-रे चांगला असूनही हात प्लास्टरमध्ये ठेवतात आणि १० ते १४ दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढतात. या हाडाला रक्त मुख्यतः एकाच टोकाकडून मिळतं. दुर्लक्ष झालं तर ते कधी कधी जुळतच नाही.

दाबल्यावर कुठे दुखतं, हे फोटोत कुठून दिसणार? एक्स-रे वाचणाऱ्या डॉक्टरांनासुद्धा चिठ्ठीवर तेच लिहून द्यावं लागतं: कशी पडली, कधी, दुखतं कुठे.

आठवडाभर चोळूनही दुखणं राहिलं, तेव्हा ती डॉक्टरांकडे गेली. दुसऱ्या एक्स-रेत चीर दिसली. प्लास्टर घातलं, आणि पाटी तिच्या जावेने उचलली.