लोकरीच्या पट्टीवरचं न सैलावणारं काज

आमच्या बचत गटात थंडीच्या आधी बाळांचे स्वेटर विणायला घेतले जातात. विक्रीला ठेवलेला स्वेटर गिऱ्हाईक बाई हातात घेते, तेव्हा ती आधी वरचं बटण लावून, काढून बघते. बटण आपोआप निसटलं की स्वेटर खाली ठेवते. तिचंही बरोबरच आहे. बाळ हातपाय हलवणार, बटणं सुटणार आणि छाती उघडी पडणार. म्हणून आज काजांबद्दल बोलू.

आपण बहुतेक जणी दोन ओळींत काज करतो. एका ओळीत तीन टाके बंद करायचे आणि परतीच्या ओळीत त्या जागी लोकरीचे फास टाकून तीन टाके घालायचे. हे फास सैल बसतात आणि काजाच्या कोपऱ्यात लोकरीचा एक मोकळा धागा राहतो. बटण रोज तोच धागा ओढतं, मग काज लांबतं. यावर उपाय म्हणजे सबंध काज एकाच ओळीत करणं.

मुलीच्या स्वेटरचं उदाहरण घेऊ. मुलीचं काज उजव्या भागावर येतं. चार पदरी लोकर, 10 नंबरच्या सुया आणि भागाबरोबरच विणलेली 7 टाक्यांची पट्टी. पट्टी दोन्ही बाजूंनी सुलटच विणायची. काज 3 टाक्यांचं करायचं, म्हणजे दोन्ही बाजूंना दोन-दोन टाके राहतील. ही ओळ स्वेटरच्या सुलट बाजूची हवी.

आता सावकाश ऐका. दोन टाके सुलट विणा. लोकर पुढे आणा, पुढचा टाका न विणता उजव्या सुईवर घ्या आणि लोकर मागे नेऊन तिथेच सोडा. तिला आत्ता हात लावायचा नाही. आता आणखी एक टाका न विणता उजवीकडे घ्या आणि आधीचा टाका त्याच्यावरून काढा. एक टाका बंद झाला. असे तीन टाके बंद करा. शेवटी उजव्या सुईवर उरलेला टाका परत डाव्या सुईवर ठेवा.

आता काम उलटवा आणि लोकर मागे घ्या. डाव्या सुईवरच्या पहिल्या दोन टाक्यांच्या मधून उजवी सुई घाला, लोकर ओढून फास काढा आणि तो डाव्या सुईवर चढवा. असे चार टाके घाला. बंद केले तीन, घालायचे चार. चौथा फास सुईवर चढवण्याआधी लोकर दोन्ही सुयांच्या मधून पुढे आणा. त्याने कोपरा आवळला जातो.

काम पुन्हा सुलट करा. लोकर मागे ठेवून डाव्या सुईवरचा पहिला टाका न विणता उजवीकडे घ्या आणि तो जादा चौथा टाका त्याच्यावरून काढा. पट्टीचा राहिलेला टाका आणि पुढची ओळ नेहमीसारखी विणा. पट्टीचे टाके मोजा, सातच भरले पाहिजेत. आठ भरले तर जादा टाका काढायचा राहिला आहे.

काजाची खालची कड विणताना लोकर वापरलीच नाही, तेच टाके एकमेकांत अडकवले, म्हणून ती ताणत नाही. वरची कडही फासांपेक्षा घट्ट बसते. वेगळा काजटाका घालावा लागत नाही.

अंतराचं आता. आधी बटणांचा, म्हणजे डावा भाग विणून घ्या. सुलट पट्टीत दोन ओळींचा एक वळ उठतो, तो मोजायला सोपा. समजा खालपासून गळ्यापर्यंत 50 वळ झाले आणि बटणं पाच आहेत. खाली तीन वळ आणि वर तीन वळ सोडले, तर मध्ये 44 उरतात. पाच बटणांमध्ये चार अंतरं, म्हणजे प्रत्येकी 11 वळ. उजव्या भागावर काजं 3, 14, 25, 36 आणि 47व्या वळावर घ्या. डाव्या भागावर त्याच वळांवर रंगीत दोरा बांधून ठेवा, बटणं तिथेच शिवायची.

बटण मात्र आधी विकत घेऊ नका. सात टाक्यांचा, वीसेक ओळींचा नमुना विणून त्यात एक काज करा, तो धुऊन वाळवा आणि दुकानात घेऊन जा. या लोकरीत तीन टाक्यांच्या काजाला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटरचं बटण बसतं, पण प्रत्येकीचा हात वेगळा असतो. बटण थोडं ढकलूनच आत गेलं पाहिजे. नमुना उभा धरून हलवला आणि बटण निसटलं, तर काज दोन टाक्यांचं करा. तेव्हा घालायचे टाके तीन होतील, हे लक्षात ठेवा.

बटण शिवताना पट्टीच्या मागे छोटं सपाट बटण किंवा रिबिनीचा तुकडा लावा, म्हणजे दोऱ्याचा ताण लोकरीवर येणार नाही.