फर्मचं नाव नोंदवहीत आहे का?

उधारीच्या वसुलीचा दावा लावायला माझ्याकडे येणारा व्यापारी भलीमोठी फाईल घेऊन येतो. तीत बिलं असतात, डिलिव्हरी चलनं असतात, जीएसटीचा दाखला, फर्मचं पॅन कार्ड, नोटरीचा शिक्का मारलेलं भागीदारीपत्र, सगळं असतं. मी विचारतो, "फर्म निबंधकांच्या नोंदवहीचा उतारा?" तो म्हणतो, "साहेब, नोंदणी झालेली आहे की, हा बघा जीएसटी नंबर." गोंधळ इथेच सुरू होतो. जीएसटीची नोंदणी कराची असते आणि नोटरी फक्त सह्या कोणी केल्या ते पाहतो. भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ ज्या नोंदणीबद्दल बोलतो, ती फर्म निबंधकांच्या नोंदवहीतली.

ती नसली तरी फर्म बेकायदा ठरत नाही. माल विकता येतो, बँकेत खातं उघडता येतं. कायद्याचं कलम ६९ आडवं येतं ते कोर्टाच्या दारात. करारातून मिळालेला हक्क बजावायचा असेल, तर बिननोंदणीच्या फर्मला गिऱ्हाइकावर दावा लावता येत नाही. गिऱ्हाईक मात्र तिच्यावर खुशाल दावा लावू शकतं.

एक उदाहरण घेऊ. समजा, इचलकरंजीच्या दोघा भागीदारांनी १० जुलै २०२२ला एका व्यापाऱ्याला चार लाख ऐंशी हजारांचं कापड दिलं, तीस दिवसांच्या उधारीवर. पैसे ९ ऑगस्टला यायला हवे होते, आले नाहीत. मुदतीच्या कायद्याने दाव्याला तीन वर्षं, म्हणजे ९ ऑगस्ट २०२५पर्यंत. व्यापारी "देतो, देतो" म्हणत राहिला. लेखी कबुली किंवा थोडी रक्कम दिली असती तर मुदत नव्याने मोजता आली असती, पण त्याने तेवढी काळजी घेतली होती. शेवटी जून २०२५मध्ये दावा दाखल झाला. समोरच्या वकिलाने कैफियतीत एकच ओळ घातली: वादी फर्म नोंदणीकृत नाही. आमच्या भागीदारांनी धावपळ करून सप्टेंबरमध्ये नोंदणी मिळवली आणि उतारा कोर्टात हजर केला. उपयोग शून्य. दावा दाखल केला त्या दिवशी नोंदणी हवी होती, नंतरच्या नोंदणीने तो दुरुस्त होत नाही. नवा दावा लावावा तर ९ ऑगस्ट केव्हाच उलटून गेलेला. नोंदणी जुलैत हातात आली असती, तर कोर्टाची परवानगी घेऊन जुना दावा काढून घेता आला असता आणि मुदतीत नवा लावता आला असता. माल विकला त्या दिवशी नोंदणी नव्हती, याने मात्र काही बिघडत नाही.

आणखी एक खाच. फर्म नोंदलेली असते, पण वडील निवृत्त होऊन मुलगा भागीदार झाल्याचं कोणी निबंधकांना कळवलेलं नसतं. दावा लावणाऱ्या भागीदारांची नावंही नोंदवहीत लागतात. श्रीराम फायनान्स कॉर्पोरेशनच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली याच कारणावरून फर्मचा दावा टिकणार नाही असं ठरवलं.

आता भागीदारांच्या आपापसातल्या भांडणाकडे येऊ. फर्म चालू आहे, धाकट्या भागीदाराला गेल्या वर्षीच्या नफ्यातला वाटा मिळाला नाही. नोंदणी नसेल, तर एवढ्यापुरता दावा त्याला थोरल्यावर लावता येत नाही. फर्म मोडून द्या आणि मोडलेल्या फर्मचा हिशेब करून द्या, एवढंच मागता येतं. म्हणजे वर्षाच्या नफ्यासाठी धंदाच मोडायचा! महाराष्ट्राने तर १९८४च्या दुरुस्तीने हेही दार लावून घेतलं होतं. नोंदणी नाही तर फर्म मोडण्याचा दावाही नाही, आणि ज्याच्या ताब्यात गल्ला, त्याचंच राज्य. सर्वोच्च न्यायालयाने २००९मध्ये व्ही. सुब्रमण्यम यांच्या खटल्यात ती तरतूद घटनाबाह्य ठरवली, आणि माझ्या मते ते फार आधी व्हायला हवं होतं.

"मग आत्ता नोंदणी करून घेतो," असं तो धाकटा म्हणतो. पण अर्जावर सगळ्या भागीदारांच्या, किंवा त्यांनी खास अधिकार दिलेल्या माणसांच्या सह्या लागतात. थोरला सही कशाला करेल? बिननोंदणीतच त्याचा फायदा आहे. सहीची वेळ भागीदारीपत्र लिहिलं त्या दिवशी होती, दोघं एकाच टेबलावर चहा पीत बसले होते तेव्हा. आता धाकट्याच्या हातात उरतो तो फर्म मोडण्याचाच दावा.