कारल्याच्या वेलाचं गाणं : सासू "जा" म्हणते, सून मात्र तिथंच
(चाकण पट्ट्यातल्या वस्तीत केलेलं भाषण)



इथं चाकण-भोसरीच्या चाळींतून नवरात्रात भोंडला होतो. पाटावर हत्ती काढायचा, मधी ठेवायचा, पोरींनी हात धरून भोवती फिरायचं. त्यातलं कारल्याच्या वेलाचं गाणं सगळ्यांनाच माहीत आहे. आज त्यावर बोलतो.

सून माहेरी जाऊ का म्हणून विचारते. सासू नाही म्हणत नाही. ती गोड बोलते : कारल्याचं बी पेर, मग जा. सून पेरते, परत विचारते. मग कोंब येऊ दे. मग वेल चढू दे, फूल येऊ दे, कारलं लागू दे, भाजी कर. दर कडव्यात परवानगी आहे आणि दर कडव्यात सून तिथंच आहे. चाल तीच, टाळ्या त्याच, पोरी हसतात. शब्द ऐकले तर सासू चांगली वाटते. पण चौथ्या-पाचव्या कडव्याला ऐकणाऱ्याच्या मनात खुट्ट होतं.

आता हिशेब करू, आपण शेतीवाले आहोत. समजा, सुनेनं घटस्थापनेला विचारलं आणि त्याच दिवशी बी टाकलं. रुजायला आठ-दहा दिवस, म्हणजे दसरा आला. फूल यायला साधारण सव्वा ते दीड महिना. भाऊबीज येते महिनाभरात, तेव्हा वेलावर अजून धड फूल पण नाही. भाजीजोगं कारलं मिळायला दोन महिने. म्हणजे ज्या सणाला लेक माहेरी जाते, तो सण गेला. गाणं पाच मिनिटात संपतं, पण आतमधी दोन महिने गेलेले असतात. सासू हे बोलत नाही, वेल बोलतो.

भाजी झाल्यावर पण सुटका नाही. सासू म्हणते, सासऱ्याला विचार. तिथून पुढं एकेकाकडे पाठवणी. आधी काम बदलत होतं, आता माणूस बदलतो. "मग जा" हे दोन शब्द तेवढे बदलत नाहीत. खोटं ओळखायची खूण हीच.

मग सून उघड का रडत नाही? मावळ-मुळशीच्या बायांच्या जात्यावरच्या ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गोळा केल्या, त्या लाखावर आहेत. त्यात सासरचा जाच सरळ सांगितलेला सापडतो. कारण ओवी पहाटे, जात्याच्या घरघरीत, ऐकायला सासू नसताना म्हणायची. भोंडला अंगणात, वडीलधाऱ्यांच्या समोर. तिथं दुःख हसतखेळतच सांगावं लागतं.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. बऱ्याच ठिकाणी शेवटी फणी येते, वेणी घालतात आणि सून माहेरी जाते. म्हणून हे नुसतं रडगाणं नाही. पण शेवट गोड झाला तरी मधले दोन महिने परत येत नाहीत. पुढच्या खेपेला गाताना कडवी नका मोजू, दिवस मोजा.