अकरा तारखेच्या आधीचा निरोप

दर महिना जीएसटीचं विवरण भरणाऱ्या कुठल्याही कचेरीत ११ तारखेपर्यंत विक्रीचं विवरण, म्हणजे जीएसटीआर-१, भरावं लागतं. त्यासाठी हिशेबनीस विक्री विभागाकडून बिलांची यादी सात तारखेला मागून ठेवतो. आज आठ तारीख उजाडली, तरी यादी नाही. पहिला निरोप हात आपोआप लिहितो: ‘यादी सातलाच द्यायची होती. अजूनही आलेली नाही. ताबडतोब पाठव.’

हे फार उद्धट वाटलं, की आपण ते मऊ करायला बसतो, आणि नेमकं तिथेच बिघडतं. ‘आपण कामात असाल याची कल्पना आहे. सवड झाल्यास यादी पाठवण्याची कृपा करावी.’ ज्याच्याबरोबर रोज डबा खातो, त्याला एकाएकी ‘आपण’ म्हटलं, की चपराक बसलीच म्हणून समजा. वर साहेबांना प्रत जोडली, तर विचारायलाच नको. आणि ‘सवड झाल्यास’ या सवलतीचा शब्दशः फायदा घेऊन यादी बाराला आली, तर बोलायला तोंड उरत नाही.

मऊपणा आदरार्थी क्रियापदांत शोधू नये. आधी ‘सातलाच’मधला ‘च’ आणि ‘अजूनही’मधला ‘ही’ काढा. टोचतात ते हेच. मग ‘तू दिली नाहीस’ऐवजी ‘मला मिळाली नाही’ म्हणा. कदाचित त्याने पाठवलीही असेल, भलत्याच पत्त्यावर गेली असेल. तारीख मात्र ढिली करू नका. उलट तिचं कारण सांगा. बिल या विवरणात राहिलं, तर १४ तारखेला तयार होणाऱ्या खरेदीदाराच्या विवरणात ते दिसत नाही आणि त्याचं क्रेडिट त्या महिन्यापुरतं अडकतं. मग ते गिऱ्हाईक फोन करतं, ते विक्रीवाल्यालाच. हे कारण त्याचं स्वतःचं आहे, म्हणून ते पटतं.

आता निरोप असा होतो: ‘अरे, गेल्या महिन्याच्या बिलांची यादी काल यायची होती, मला मिळालेली नाही. अकराला रिटर्न भरायचा आहे. राहिलेली बिलं गिऱ्हाइकांना दिसणार नाहीत, म्हणून उद्या चारपर्यंत हवी. तयार आहे तेवढी आज पाठवशील का? कुठे अडलं असेल तर सांग, मी बसतो बरोबर.’

शेवटचं वाक्य खरोखर बसायची तयारी असेल तरच लिहा. नसेल तर तोही टोमणाच होतो.

उद्या चार वाजून गेले आणि यादी आली नाही, तर दुसरा निरोप लिहू नका, फोन उचला. साहेबांच्या कानावर घालायची वेळ आलीच, तर ‘मी आता साहेबांना सांगतोय’ हे आधी त्याला सांगा आणि मगच सांगा.