लेट्रोझोल आणि हाडांची काळजी



स्तनाच्या कॅन्सरचे उपचार झाले.
पाळी आधीच गेलेली.
डॉक्टरांनी रोज एक लेट्रोझोल दिली, बहुधा 5 वर्षांसाठी.

काही महिन्यांत सकाळी बोटं आखडू लागतात.
ब्लाऊजचं हूक लागत नाही.
जरा वावरलं, की बोटं मोकळी होतात.

पाळी गेल्यावरही शरीरातली चरबी थोडं इस्ट्रोजेन बनवते.
ही गोळी ते बनू देत नाही.
म्हणून कॅन्सर परतण्याचा धोका घटतो.
पण सांधे कुरकुरतात.

गोळी मनानं बंद करू नका.
डॉक्टरांना सांगा.
रोजचं चालणं मदत करतं.
कधी याच गटातली दुसरी गोळी सोसते.

हाडांचं मात्र वेगळं.
ती दुखत नाहीत, पण या गोळीनं गुपचूप विरळ होतात.
म्हणून सुरुवातीलाच डेक्सा तपासणी करतात, नंतर साधारण दोन वर्षांनी पुन्हा.

हाडांसाठी कॅल्शियम कार्बोनेटची गोळी जेवणासोबत घ्या.
ते शोषायला ड जीवनसत्त्व लागतं.
दूध, नाचणी पोटात जात असेल, तर कॅल्शियमची गोळी तेवढी कमी लागते.
मुतखडा झाला असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

कॅल्शियमनं सांधेदुखी थांबेल, असं समजू नका.
हाडं फारच विरळ असतील, तर कॅल्शियम पुरत नाही.
मग हाडांसाठी वेगळं इंजेक्शन देतात.
त्याआधी दात तपासून घ्या.

आणि पुन्हा सांगते, लेट्रोझोल मनानं बंद करू नका.