झाकण हलताच सुरू होणारा लॅपटॉप

झाकण हलताच लॅपटॉप आपोआप सुरू होत असेल, तर तो निद्रावस्थेतून जागा झाला की नव्याने सुरू झाला, हे प्रथम ठरवावे लागते. आधी उघडलेल्या फाइली जशाच्या तशा दिसल्या, तर तो केवळ जागा झालेला असतो. झाकणातील लहान चुंबक दूर जाताच हॉल संवेदक, म्हणजे चुंबकीय क्षेत्र ओळखणारा घटक, झाकण उघडल्याचा संकेत देतो. विंडोजमध्ये पुढील आज्ञा जागे होण्याचे कारण अनेकदा दाखवते.

```
powercfg /lastwake
```

मात्र चालू लॅपटॉप झाकण ठरावीक कोनात येताच पडदा लुकलुकून नव्याने सुरू होत असेल, तर बिजागरीतून जाणाऱ्या पडद्याच्या केबलचा संशय घ्यावा, कारण सतत वाकून तिचे आवरण झिजते आणि आतील तारा एकमेकींना टेकून शॉर्टसर्किट होते. चार्जर व बॅटरीची जोडणी काढून ही केबल मदरबोर्डपासून सोडवावी, नंतर वीज जोडून बाहेरचा मॉनिटर लावावा आणि झाकण पुन्हा हलवावे. दोष थांबला, तर तो केबलमध्ये किंवा झाकणात आहे, आणि कायम राहिला, तर सैल बिजागरीमुळे मदरबोर्डवर दाब येतो का, हे तपासावे.