बदलत्या यादीची बेरीज

मजकूर कमी जागेत साठवण्याच्या एका पद्धतीत संगणक कोणतं अक्षर आतापर्यंत किती वेळा आलं, याची यादी ठेवतो. प्रत्येक अक्षरामागे त्याला यादीतल्या आधीच्या सगळ्या आकड्यांची बेरीज लागते आणि लगेच त्या अक्षराचा आकडा एकने वाढवावा लागतो. बेरीज दर वेळी नव्याने केली तर तिलाच वेळ जातो. बेरजा आधीच मांडून ठेवल्या, तर पहिल्या घरातला आकडा बदलताच पुढच्या सगळ्या बेरजा दुरुस्त कराव्या लागतात. एक काम फुकटात करायला गेलं की दुसरं महागात पडतं. माझ्या मते खरा उपाय दोन्ही कामांनी थोडाथोडा भार उचलण्यात आहे. ऑकलंड विद्यापीठाच्या पीटर फेनविक यांनी १९९४ मध्ये याच कामासाठी मांडलेली रचना, म्हणजे बायनरी इंडेक्स्ड ट्री, नेमकं तेच करते.

सोळा घरांची यादी घ्या. घरांना १ पासून क्रमांक द्या. क्रमांकाला नि:शेष भागणारा दोनचा सर्वात मोठा घात शोधा. तेवढ्या घरांची बेरीज, त्या घरापाशी संपणारी, त्या घरात ठेवायची. बाराला चारने भाग जातो, आठने जात नाही. म्हणून बाराव्या घरात नऊ ते बारा या चार घरांची बेरीज. तेरा विषम, म्हणून तिथे फक्त त्याचाच आकडा. आठव्यात पहिल्या आठांची. आता पहिल्या तेरांची बेरीज हवी असेल तर तेरावं घर घ्या, तेरातून एक वजा करून बाराव्यावर या, बारातून चार वजा करून आठव्यावर या, आठातून आठ गेले की संपलं. तेरांऐवजी तीनच आकडे मिळवले. बदल करताना वजा करण्याऐवजी तोच घात मिळवत जायचं. पाचव्या घराचा आकडा सातचा दहा झाला, तर फरक तीनचा. तो पाच, सहा, आठ आणि सोळा या घरांत मिळवायचा. सहा ते तेरा एवढ्याचीच बेरीज हवी असेल, तर तेरापर्यंतच्या बेरजेतून पाचपर्यंतची वजा करा.

छोट्या यादीसाठी हा खटाटोप कशाला, असं कुणी म्हणेल, आणि शंभर घरांपुरतं ते बरोबरच आहे. पण दहा लाख घरं असली तरी दोन्ही कामांना फार तर वीस घरं लागतात. फरक तिथे पडतो. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. मधल्या भागाचं उत्तर वजाबाकीतून येतं, त्यामुळे त्या भागातला सर्वात मोठा आकडा या रीतीने मिळत नाही. त्यासाठी सेगमेंट ट्री वापरावा. यादीच्या मध्येच नवं घर घुसवणंही इथे जमत नाही.

हे लिहिताना दोन चुका हमखास होतात. घरं शून्यापासून मोजली, तर शून्याव्या घराचा बदल करताना शून्यात शून्यच मिळत राहतो आणि प्रोग्रॅम तिथेच अडकतो. फरकाऐवजी नवा आकडाच मिळवला, तर प्रोग्रॅम चालतो, पण बेरजा फुगत जातात. अशा वेळी छोट्या यादीवर साधी बेरीज करून उत्तरं ताडून पाहा. त्याच घरात दुसऱ्यांदा बदल केलात की चूक लगेच उघडी पडते.